हिमोग्लोबिन 12 वरून 10 वर आलं: रक्त पातळ झालं की लोह संपलं?

प्रश्न: नवव्या आठवड्यात माझं हिमोग्लोबिन 12.1 होतं, आता 27व्या आठवड्यात 10.1 आलंय. लोहाची एक गोळी रोज घेतेय. सासूबाई म्हणतात अंगातलं रक्त कमी झालं. इथल्या डॉक्टर म्हणाल्या, गरोदरपणात रक्त पातळ होतंच, काळजी करू नका. दोन्ही वेळचे सीबीसी रिपोर्ट आहेत: एमसीव्ही 83 होता तो आता 76, तांबड्या पेशी 4.4 होत्या त्या 4.1, आरडीडब्ल्यू 14 वरून 17.5. फेरिटिन आत्ता पहिल्यांदाच केलं, ते 9 आहे. वजन आधी 54 किलो होतं. नक्की काय समजायचं?

उत्तर: तुमच्या डॉक्टर अर्ध्याहून थोड्या जास्त बरोबर आहेत आणि सासूबाई उरलेल्या भागात. बरं झालं, तुम्ही नुसता हिमोग्लोबिनचा आकडा न देता सगळे आकडे दिलेत. त्यामुळे पाण्यामुळे किती उतरलं आणि लोहाअभावी किती, याचा बऱ्यापैकी हिशेब मांडता येतो.

हिमोग्लोबिनचा आकडा म्हणजे 100 मिलीलिटर रक्तात किती ग्रॅम हिमोग्लोबिन आहे ते. अंगात एकूण किती आहे, हे तो सांगत नाही. एरवी हा फरक लक्षात घ्यायची गरज पडत नाही, कारण आपल्या रक्ताचं आकारमान फारसं बदलत नाही. गरोदरपणात मात्र ते बदलतं, आणि चांगलंच बदलतं. रक्तातला पाण्यासारखा भाग म्हणजे प्लाझ्मा. तो साधारण सहाव्या आठवड्यापासून वाढायला लागतो आणि 32 ते 34 आठवड्यांपर्यंत मूळच्या 40 ते 50 टक्क्यांनी जास्त होतो. तांबड्या पेशीही वाढतात, पण सावकाश. लोह पुरेसं मिळालं तर शेवटपर्यंत 20 ते 30 टक्के, न मिळालं तर त्याहून बरंच कमी. प्लाझ्मा पुढे आणि पेशी मागे, म्हणून हिमोग्लोबिन उतरतं. सगळं सुरळीत असलेल्या बाईचंसुद्धा उतरतं.

आता तुमचे आकडे घेऊ. एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. 54 किलोच्या बाईच्या अंगात ढोबळमानाने अडीच लिटर प्लाझ्मा धरू. नवव्या आठवड्यात तुमच्या रक्तातला पेशींचा वाटा सुमारे साडेछत्तीस टक्के होता (एमसीव्हीला पेशींच्या संख्येने गुणून दहाने भागलं की हा आकडा मिळतो). म्हणजे पेशी झाल्या साधारण 1440 मिली आणि एकूण रक्त 3940 मिली. 12.1 च्या हिशेबाने अंगात एकूण हिमोग्लोबिन होतं 477 ग्रॅम.

27व्या आठवड्यात प्लाझ्मा 40 टक्क्यांनी वाढला असं धरू, म्हणजे साडेतीन लिटर. आताच्या रिपोर्टप्रमाणे पेशींचा वाटा 31.2 टक्के आहे, त्यावरून पेशी येतात सुमारे 1590 मिली. एकूण रक्त जवळजवळ 5100 मिली, आणि 10.1 च्या हिशेबाने एकूण हिमोग्लोबिन 514 ग्रॅम. पाहिलंत ना? आकडा दोनने उतरला, पण अंगातलं हिमोग्लोबिन 37 ग्रॅमने वाढलेलं आहे. "अंगातलं रक्त कमी झालं" हे शब्दशः खरं नाही. तुमच्या अंगात नवव्या आठवड्यापेक्षा एक लिटरहून जास्त रक्त आहे.

पण ते वाढायला हवं होतं तितकं वाढलं आहे का? लोह भरपूर असतं तर या आठवड्यापर्यंत पेशी निदान 18 टक्क्यांनी वाढल्या असत्या. तुमच्या वाढल्यात सुमारे 10 टक्के. 18 टक्के धरून तोच हिशेब पुन्हा केला तर हिमोग्लोबिन 10.8 च्या आसपास यायला हवं. म्हणजे 12.1 पासून 10.8 पर्यंतची उतरण पाण्यामुळे, आणि 10.8 पासून 10.1 पर्यंतची लोहाअभावी. प्लाझ्माचं आकारमान मी अंदाजाने धरलं आहे, ते दवाखान्यात मोजत नाहीत, त्यामुळे दशांश चिन्हापुढच्या आकड्यावर वाद घालू नका. पण दोन्ही कारणं एकाच वेळी आहेत, आणि दुसऱ्यावर उपाय करायला हवा, हे नक्की.

हे हिशेबाशिवायही ओळखता येतं, आणि मी ओपीडीत तसंच ओळखते. रक्तात पाणी वाढलं की दर थेंबातल्या पेशींची संख्या कमी होते, पण प्रत्येक पेशीचा आकार आणि तिच्यातलं हिमोग्लोबिन जिथल्या तिथे राहतं. नुसतं पातळ झालेलं रक्त असेल तर हिमोग्लोबिन उतरेल, पेशी कमी दिसतील, एमसीव्ही मात्र हलणार नाही. उलट गरोदरपणात तो थोडा वाढतो, कारण हाडांतल्या मगजातून नव्या, कोवळ्या पेशी जास्त बाहेर पडतात आणि कोवळ्या पेशी आकाराने मोठ्या असतात. तुमचा एमसीव्ही वाढायच्या काळात 83 वरून 76 वर आला. पाण्याने पेशी लहान होत नाहीत. पेशीत भरायला लोह कमी पडलं तरच ती लहान निपजते. आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारांत किती फरक आहे ते. तो वाढला याचा अर्थ जुन्या नीट आकाराच्या आणि नव्या लहान पेशी रक्तात एकत्र फिरत आहेत.

एमसीव्ही 80 च्या आत असलेल्या गरोदर बाईत थॅलेसिमियाचा वाहकपणा मनात येतो. तुमच्या बाबतीत पहिला रिपोर्टच त्याचं उत्तर देतो. वाहक व्यक्तीच्या पेशी जन्मापासून लहान असतात. तुमच्या नवव्या आठवड्यात 83 होत्या आणि नंतर लहान झाल्या. पहिला रिपोर्ट हाताशी नसता तर मी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघणारी एचपीएलसी तपासणी सांगितली असती. सुरुवातीला ती झाली नसेल आणि घराण्यात थॅलेसिमिया किंवा सिकल सेल असेल, तर अजूनही करून घ्या. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या कुटुंबांत सिकल सेलचा विचार करावाच लागतो. काही ठिकाणी एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागून, उत्तर 13 च्या खाली आलं तर थॅलेसिमिया आणि वर आलं तर लोहाची कमतरता, असा ठोकताळा वापरतात. गरोदरपणात तो ठोकताळा मी मानत नाही. भागाकारातली पेशींची संख्याच पाण्याने उतरलेली असते, त्यामुळे उत्तर आपोआप 13 च्या वर सरकतं आणि वाहक बाई निसटू शकते.

फेरिटिन म्हणजे साठवलेल्या लोहाचा अंदाज. तुमचं 9 आहे. कुणी म्हणेल, हेही पाण्याने पातळ झालं असेल. झालंच आहे. पण 40 टक्के वाढलेला प्लाझ्मा उलट हिशेबाने काढून टाकला तरी ते 12 ते 13 येतं. 15 च्या खाली साठा संपलेला समजतात, आणि आमच्यापैकी बरेच जण गरोदरपणात 30 च्या खालीच उपचार सुरू करतात. फेरिटिनची दुसरी खोड अशी की ताप, लघवीचा संसर्ग किंवा कुठलीही सूज असली की ते वाढतं. म्हणून 40 आलं तरी लोह पुरेसं आहे अशी खात्री देता येत नाही. उतरलेलं फेरिटिन मात्र खोटं बोलत नाही.

सीरम आयर्न आणि टीआयबीसी करून आणायला कुणी सांगितलं तर गरोदरपणात त्यावर फार विसंबू नका. सीरम आयर्न दिवसभरात वरखाली होतं आणि आदल्या दिवशीच्या गोळीनेही फुगतं. टीआयबीसी तर लोह पुरेसं असतानाही गरोदरपणात वाढते, कारण इस्ट्रोजेनमुळे यकृत लोह वाहून नेणारं प्रथिन जास्त बनवतं. एकूण प्रथिनं, अल्ब्युमिन हे आकडेही पातळपणामुळे उतरलेले दिसतात, आणि ईएसआर तर गरोदरपणात वाढतोच. हे सगळं लाल अक्षरांत छापून आलं की घरचे घाबरतात. लॅबच्या कागदावर शेजारी छापलेली 12 ते 15 ही हिमोग्लोबिनची मर्यादाही गरोदर नसलेल्या बाईची आहे. गरोदरपणात जागतिक आरोग्य संघटना पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत 11 आणि मधल्या तिमाहीत 10.5 ही सीमा धरते. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात नऊही महिने 11 धरतात: 10 ते 10.9 सौम्य, 7 ते 9.9 मध्यम, 7 च्या खाली तीव्र. तुमचं 10.1 दोन्ही हिशेबांनी कमीच आहे.

आता उलट बाजूचं थोडं, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. आठव्या महिन्यात एखादीचं हिमोग्लोबिन साडेतेरा आलं की सगळे खूश होतात. मला ते आवडत नाही. याचा अर्थ प्लाझ्मा वाढायला हवा तसा वाढलेला नसू शकतो, आणि अशा बायकांत रक्तदाब वाढणं आणि बाळाची वाढ खुंटणं जास्त दिसतं. असा आकडा आला की मी आधी रक्तदाब, लघवीतलं प्रथिन आणि बाळाची सोनोग्राफी बघते. हिमोग्लोबिन थोडं उतरणं हे गर्भाशयाकडे भरपूर रक्त जात असल्याचं लक्षण आहे.

मग रोज गोळी घेऊनही लोह का कमी पडलं? पूर्ण गरोदरपणाला साधारण 1000 मिलिग्रॅम लोह लागतं. सुमारे 300 बाळ आणि वार घेतात, 450 च्या आसपास आईच्या वाढलेल्या पेशींत जातं, आणि बाकीचं रोजच्या झिजेत. पहिल्या तिमाहीत पाळी थांबलेली असल्यामुळे दिवसाला 1 मिलिग्रॅमसुद्धा लागत नाही. शेवटी शेवटी रोज 6 ते 7 मिलिग्रॅम रक्तात उतरावं लागतं. मागणी अशी एका टोकाला साचलेली असते, म्हणून नवव्या आठवड्यातलं 12.1 आश्वासक वाटलं तरी पुढचं काहीच सांगत नव्हतं. साठा भरलेला असता तर तो मधे पडला असता. तुमचं तेव्हाचं फेरिटिन माहीत नाही, पण पाळीच्या वयातल्या आपल्याकडच्या पुष्कळ बायका रिकाम्या साठ्यानेच गरोदर राहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 52 टक्के गरोदर स्त्रिया ॲनिमिक आढळल्या.

सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. त्यातलं दहा-बारा टक्के आतड्यातून आत गेलं तर 6 ते 7 मिलिग्रॅम होतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत शरीर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक कमी करून आतड्याचं दार जास्त उघडतं, त्यामुळे एवढं शोषण अशक्य नाही. पण यातून रोजचा खर्चच भागतो, मागची तूट भरत नाही. तुमची तूट वरच्या हिशेबाने सुमारे 49 ग्रॅम हिमोग्लोबिनची आहे. दर ग्रॅमला 3.4 मिलिग्रॅम लोह लागतं, म्हणजे 165 मिलिग्रॅमच्या आसपास. पुढच्या 13 आठवड्यांची रोजची 6 मिलिग्रॅम धरली तर आणखी साडेपाचशे. एका गोळीत हे बसत नाही. म्हणूनच सौम्य आणि मध्यम ॲनिमियाला कार्यक्रमात दिवसाला दोन गोळ्या सांगितल्या आहेत. तुमच्या डॉक्टरांशी बोलून तेवढा डोस सुरू करा.

बाजारातली गोळी घेत असाल तर पाकिटावरचा "एलिमेंटल आयर्न" हा आकडा बघा, क्षाराचं वजन नव्हे. 300 मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटमध्ये लोह साधारण 100 असतं, तर तितक्याच वजनाच्या साध्या फेरस सल्फेटमध्ये 60. आणि कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर एका घोटात घेत असाल तर ते आजच थांबवा. रिपोर्ट न सुधारण्याचं माझ्या ओपीडीत सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच आहे: दोन्ही गोळ्या रात्री जेवणानंतर एकत्र, कारण तेव्हाच आठवतात. दोन्हींत किमान दोन तास हवेत. चहा-कॉफीचंही तसंच, गोळीच्या आधी आणि नंतर तासभर नको. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगलं. उपाशीपोटी शोषण जास्त होतं, पण मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. न घेतलेल्या गोळीपेक्षा जेवणानंतर घेतलेली गोळी कधीही बरी. शौचाला काळं होणार, त्यात काही बिघडलेलं नाही. बीट हौसेने खा, पण 100 ग्रॅम बिटात जेमतेम 1 मिलिग्रॅम लोह असतं आणि त्यातलं थोडंसंच शोषलं जातं. त्याचा लाल रंग लोहाचा नाही.

एकाआड एक दिवस गोळी घेतली तर शोषण चांगलं होतं असं तुम्ही वाचलं असेल. गोळीनंतर साधारण दिवसभर हेप्सिडिन वाढलेलं राहतं, हे खरं आहे. पण ते प्रयोग मुख्यतः गरोदर नसलेल्या बायकांवर झाले. तुमच्याकडे 13 आठवडे आहेत, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दिवस गाळू नका.

चार आठवड्यांनी पुन्हा सीबीसी कराल, तेव्हाचं आधीच सांगून ठेवते. नियम असा की महिन्यात हिमोग्लोबिन 1 ग्रॅमने वाढायला हवं. न वाढल्यास गोळ्या घेतल्या का ते तपासायचं आणि दुसरं कारण शोधायचं. नियम योग्यच आहे. पण 27 ते 31 आठवड्यांत प्लाझ्मा अजून वाढतोच आहे. समजा गोळ्या नीट लागू पडल्या आणि चार आठवड्यांत एकूण हिमोग्लोबिन 514 वरून 563 ग्रॅम झालं. रक्ताचं आकारमान तेवढंच राहिलं असतं तर आकडा 11.1 दिसला असता, म्हणजे बरोबर एक ग्रॅमची वाढ. पण तोवर प्लाझ्मा 45 टक्के वाढीपर्यंत पोचलेला असेल, त्यामुळे कागदावर 10.6 च्या आसपासच दिसेल. हे बघून "गोळ्यांचा उपयोग नाही" असं ठरवून टाकू नका. एमसीव्ही आणि एमसीएच, म्हणजे एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन, वर सरकू लागलेत का ते बघा. आरडीडब्ल्यू सुरुवातीला आणखी वाढला तर ते चांगलं लक्षण आहे, कारण नव्या मोठ्या पेशी आल्यात. खात्री हवी असेल तर उपचार सुरू केल्यावर आठवडा-दहा दिवसांत रेटिक्युलोसाइट काउंट, म्हणजे नव्या कोवळ्या पेशींचा आकडा, वाढलेला दिसतो. तो बदललेल्या डोसचं सगळ्यात लवकर मिळणारं उत्तर आहे. तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये, शिरेतल्या रक्तावर करा. एकदा बोट टोचून आणि एकदा शिरेतून घेतलेल्या रक्तात अर्ध्या ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि आपण नेमका तेवढाच बदल शोधत असतो.

एमसीव्ही हललाच नाही किंवा पेशी वाढल्याच नाहीत तर बी12 तपासायला सांगेन, विशेषतः तुम्ही शाकाहारी असाल तर. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी12 कमी असलं की मोठ्या, आणि दोन्ही कमी असलं की एमसीव्ही मधेच कुठेतरी नॉर्मल दिसतो. तेव्हा फक्त वाढलेला आरडीडब्ल्यू चहाडी करतो.

गोळ्या पोटात ठरतच नसतील, किंवा 32 आठवड्यांच्या पुढेही आकडे जागचे हलले नाहीत, तर शिरेतून लोह देतात. मात्रा काढायचं सूत्र असं: गरोदरपणाआधीचं वजन, गुणिले हवं असलेलं आणि असलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक, गुणिले 2.4, आणि साठ्यासाठी अधिक 500. तुमचं 54 × 0.9 × 2.4 + 500, म्हणजे सुमारे 617 मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज असेल तर 200 चे तीन-चार डोस दिवसाआड, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज असेल तर बहुधा एकाच बैठकीत. क्वचित तीव्र ॲलर्जी येते, म्हणून घरी किंवा सोय नसलेल्या ठिकाणी घेऊ नका. पहिल्या तिमाहीत हे देत नाहीत. तो काळ तुमचा केव्हाच संपला. आज 10.1 ला, हातात तीन महिने असताना, मी गोळ्यांनीच सुरुवात करेन.

बसल्या जागी धाप लागणं, छातीत धडधड, झोपताना उशा वाढवाव्या लागणं, किंवा हिमोग्लोबिन 7 च्या खाली, असं काही झालं तर मात्र गोळ्यांची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय.

बाळंतपणात वाढलेल्या प्लाझ्माचा उपयोग होतो. साध्या बाळंतपणात 500 मिलीपर्यंत रक्त जाऊ शकतं. पातळ रक्त गेलं तर त्याबरोबर कमी पेशी जातात: 11 च्या रक्तातून 55 ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे जवळपास 190 मिलिग्रॅम लोह. त्यानंतरच्या आठवड्यांत जास्तीचा प्लाझ्मा आटतो, आकडा आपोआप वर येतो, आणि गरोदरपणात वाढलेल्या पेशी जुन्या होऊन फुटल्या की त्यांतलं लोह पुन्हा साठ्यात परततं. म्हणून बाळंतपणानंतर दोन दिवसांनी केलेल्या रिपोर्टवर निष्कर्ष काढू नका, सहा आठवड्यांनी फेरिटिनसह पुन्हा करा. तेव्हा हिमोग्लोबिन 12 दिसलं तरी फेरिटिन 30 च्या खाली असू शकतं. बाळंतपणानंतरच्या 180 दिवसांच्या गोळ्या त्यासाठी आहेत, आणि बहुतेक जणी त्या बारशानंतर सोडून देतात.